हापशाची भाषा, मराठीतून

ग्रामीण महाराष्ट्रात हातपंपाला सर्रास 'हापसा' म्हणतात. १९७० च्या दशकात 'युनिसेफ'च्या सहकार्याने विकसित झालेल्या 'इंडिया मार्क-२' या पंपाच्या पूर्वपीठिकेत सोलापूर आणि जालना येथे घडवलेल्या पंपांचा मोठा वाटा आहे. त्याची दुरुस्ती-पुस्तिका मात्र मूळ इंग्रजीत असते. ती मराठीत आणताना केवळ शब्दकोशातला प्रतिशब्द पुरत नाही. प्रत्येक शब्दाने एकच सुटा भाग किंवा एकच कृती दाखवणे आवश्यक ठरते.

'वॉशर' हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. जमिनीखालच्या सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्यावर वाटीच्या आकाराचे वॉशर असतात. तेच पाणी वर खेचतात. दोन्ही झडपांना बैठकीचे वेगळे रबर असते आणि सिलिंडरच्या जोडाला आणखी वेगळी रबरी कडी. पुस्तिकेत तिन्हींना 'वॉशर' म्हटले, तर तंत्रज्ञ चुकीचा भाग घेऊन गावात पोहोचतो. 'चामडी वॉशर' हे नावही आता अपुरे आहे, कारण चामड्याची जागा नायट्राइल रबराने घेतली. म्हणून आकारावरून 'वाटी वॉशर', जागेवरून 'बैठकीचे रबर' आणि 'जोडाची कडी' अशी नावे अधिक उपयुक्त ठरतात.

नेमका कोणता भाग बिघडला, हे दोन सोप्या चाचण्यांनी कळते. इंग्रजी 'स्ट्रोक'ला येथे 'आघात' म्हणणे निरर्थक आहे; 'दांडा एकदा खाली-वर' असे लिहिले की कोणालाही समजते. पहिल्या चाचणीत पाणी येईपर्यंत हापसून पंप ३० मिनिटे बंद ठेवायचा आणि पुन्हा हापसायचे. पाच वेळांहून अधिक हापसल्यावरच पाणी आले, तर नळीतले पाणी खाली उतरले आहे, म्हणजे खालची झडप किंवा नळीचा जोड गळतो आहे. दुसऱ्या चाचणीत धार सलग सुरू झाल्यावर बादली लावून ४० वेळा हापसायचे. ६३.५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि १२५ मिलिमीटर चाल धरली, तर हिशेबाने सुमारे १५.८ लिटर पाणी मिळायला हवे. ते १० लिटरपेक्षा कमी भरले, तर संशय वाटी वॉशरवर घ्यावा.

समजा, एका गावातील पंपाचा सिलिंडर ३० मीटर खोल आहे. अर्ध्या तासानंतर दुसऱ्याच वेळी पाणी आले, पण ४० वेळा हापसून बादलीत आठच लिटर जमले. नळी व खालची झडप ठीक असून वाटी वॉशर झिजले आहेत, असा याचा अर्थ. 'मार्क-२'मध्ये त्यासाठी तीन-तीन मीटरच्या दहा नळ्या सिलिंडरसह वर काढाव्या लागतात. 'मार्क-३'मध्ये नळी रुंद आणि सिलिंडर वरून उघडा असल्याने सळयांसह दट्ट्या वर येतो. नळ्या हलवाव्या लागत नाहीत. सूचनेत 'सळई' आणि 'नळी' या शब्दांची गल्लत झाली, तर हा सारा फायदा वाया जातो.

मात्र, उन्हाळ्यात पाणी आधी नीट येऊन नंतर तुटक होत असेल, तर दोष पंपाचा नसून विंधण विहिरीतील पाणी खाली गेल्याचा असू शकतो. येथे 'स्थिर जलपातळी' हा प्रचलित प्रतिशब्द घोटाळा करतो. कधीच न बदलणारी पातळी, असा त्याचा अर्थ लागू शकतो. 'उपसा थांबल्यावरची पातळी' आणि 'उपसा चालू असतानाची पातळी' ही जोडी लांब असली, तरी अचूक आहे. दुसरी पातळी सिलिंडरच्या खाली गेली, तर नवे वॉशरही निरुपयोगी ठरते.

नळपाणी योजनेत असाच प्रश्न 'व्हॉल्व्ह'बाबत येतो. 'झडप' हा शब्द योग्य असला, तरी तंत्रज्ञाला ती कुठे आहे व कशासाठी, हे हवे असते. वाहिनीच्या उंच टोकावरची 'हवा सोडण्याची झडप', सखल भागातली 'गाळ काढण्याची झडप' आणि पंपाजवळची 'पाणी मागे न येऊ देणारी झडप' असे म्हटले की जागा व काम दोन्ही कळतात. याउलट 'टीसीएल पावडर' हा गावोगावी रुळलेला शब्द काढून 'विरंजक चूर्ण' घातल्यास पिशवीवरचे नाव आणि पुस्तिकेतले नाव जुळत नाही. नवा शब्द वापरायचाच असेल, तर जुना शब्द शेजारी ठेवणे इष्ट.

शब्द योग्य आहे का, याची कसोटीही सोपी आहे. सुटे भाग जमिनीवर मांडावेत आणि पुस्तिकेतील नाव उच्चारावे. दोन तंत्रज्ञांनी वेगवेगळे भाग उचलले, तर तो शब्द बदलावा.