पाकिटावरचं नाव आणि पत्रातली सही

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट आहे. आमच्या छोट्या त्रैमासिकाचे एक जुने वर्गणीदार, सोलापूरचे निवृत्त शिक्षक, यांचा फोन आला. म्हणाले, "सर, अंक अडचणीत आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून पाच हजार पाठवले. पण पोचपावती काही आली नाही." मी असं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी तो ईमेल माझ्याकडे पाठवला. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्या संपादकीय कार्यालयाचा पत्ता होता. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. फक्त खाली दिलेला बँक खाते क्रमांक आमचा नव्हता.

माझा पहिला समज असा झाला की कुणीतरी आमचा पासवर्ड चोरला. भाचा संगणकाच्या कामात आहे, त्याला बोलावलं. त्याने खातं तपासलं आणि म्हणाला, "मामू, तुमच्या खात्यात कुणी शिरलेलंच नाही. हा ईमेल तुमच्याकडून गेलाच नाही. त्याने फक्त तुमचं नाव लिहिलं." मी विचारलं, असं कुणालाही लिहिता येतं? तो म्हणाला, "चाळीस वर्षांपासून येतं." त्या चाळीस वर्षांचा इतिहास मी तेव्हापासून वाचत आलो आहे. तोच इथे सांगतो.

ऑगस्ट १९८२ मध्ये दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ मध्ये एका संगणकाने दुसऱ्याकडे ईमेल कसा सोपवायचा, हे ठरवलं होतं. डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ मध्ये ईमेलचा मजकूर कसा मांडायचा, हे होतं. यातून प्रत्येक ईमेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते आले. पहिला पाकिटावरचा. तो दोन संगणकांच्या संभाषणात सांगितला जातो आणि पत्र पोचलं नाही तर परतीसाठी वापरला जातो. दुसरा आतल्या पत्रावरचा, From या ओळीतला. वाचणाऱ्याला पडद्यावर दिसतो तो हा दुसरा. हे दोन पत्ते एकच असले पाहिजेत, अशी सक्ती कुठेच नव्हती आणि दोन्हीपैकी एकाचीही शहानिशा होत नव्हती. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याचं ओळखपत्र कुणी पाहत नाही, तसाच तो व्यवहार होता.

पुढे वीस वर्षांत जाहिरातींचा आणि फसवणुकीचा पूर आला. २००३ च्या सुमारास पहिला गंभीर उपाय आकाराला आला. मेंग वेंग वाँग यांनी आधीच्या दोन प्रस्तावांमधल्या कल्पना एकत्र करून एसपीएफ मांडलं. कल्पना साधी होती. प्रत्येक डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या सार्वजनिक पत्तेवहीत, एक ओळ लिहून ठेवायची की माझ्या नावाने ईमेल फक्त या संगणकांवरून निघतील. घेणाऱ्याने ती ओळ वाचायची आणि समोरचा संगणक यादीत आहे का ते पाहायचं.

२००४ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने या विषयासाठी कार्यगट नेमला. तिथे मायक्रोसॉफ्टचा प्रस्ताव आणि एसपीएफ एकत्र करायचं ठरत होतं. पण मायक्रोसॉफ्टच्या पेटंट परवान्याच्या अटी अपाची आणि डेबियन यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना मान्य झाल्या नाहीत. काही महिन्यांतच, सप्टेंबर २००४ मध्ये, तो गट बंद पडला. एसपीएफचा दस्तऐवज अखेर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही 'प्रायोगिक' म्हणून.

आमच्या डोमेनवर एसपीएफची ओळ होती. मग तो खोटा ईमेल पोचला कसा? भाच्याने ईमेलचा मूळ मजकूर उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नावं बदलून ती अशी:

```
Authentication-Results: spf=pass smtp.mailfrom=example.net;
  dkim=none; dmarc=none header.from=example.org
```

यातलं `example.org` म्हणजे आम्ही आणि `example.net` म्हणजे तो ठग. मी `spf=pass` पाहून चक्रावलो. खोटा ईमेल तपासणीत पास? भाचा म्हणाला, "पास झाला, पण कुणाच्या नावाने ते बघा." एसपीएफ फक्त पाकिटावरचा पत्ता तपासतं. ठगाने पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहिलं होतं आणि त्या डोमेनवर स्वतःच्या संगणकाची ओळ रीतसर नोंदवली होती. आतल्या पत्रावर मात्र आमचं नाव. आमच्या एसपीएफच्या ओळीला कुणी विचारलंच नाही.

एसपीएफची आणखी एक अडचण आहे. ईमेल मध्येच कुणी पुढे पाठवला, तर शेवटच्या ठिकाणी तो मधल्या संगणकावरून आलेला दिसतो आणि खरा ईमेलही नापास होतो. यावर उत्तर म्हणून संगणकाऐवजी पत्रालाच मोहोर लावण्याची कल्पना आली. याहूमध्ये मार्क डिलेनी यांनी डोमेनकीज तयार केलं आणि सिस्कोनेही तशीच एक पद्धत आणली. दोन्ही एकत्र होऊन २००७ मध्ये डीकेआयएम हे मानक आलं.

आपल्याकडच्या जुन्या सरकारी पत्रांवर माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही जोडू नये, हा मोर्तबाचा अर्थ. डीकेआयएम काहीसं तेच काम करतं. पाठवणारा संगणक From ही ओळ, इतर निवडक ओळी आणि मजकूर यांच्यावरून गुप्त किल्लीने एक सही तयार करतो. ती तपासायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. न बदलता कितीही हातांतून गेला तरी जुळते.

किल्ली मात्र पुरेशी लांब हवी. झॅकरी हॅरिस या अमेरिकन गणितज्ञाला गूगलच्या नावाने नोकरीविषयी एक ईमेल आला. तो खरा आहे का हे तपासताना त्यांना दिसलं की गूगलची किल्ली अवघी ५१२ बिटांची आहे. मानक किमान १०२४ सांगत होतं. हॅरिस यांना वाटलं, ही उमेदवाराची परीक्षाच असावी. भाड्याच्या संगणकांवर सुमारे ७२ तासांत त्यांनी ती किल्ली फोडली आणि सर्गेई ब्रिन यांच्या नावाने लॅरी पेज यांना ईमेल धाडला. उत्तर आलं नाही, पण लवकरच गूगलची किल्ली बदललेली दिसली. २०१२ मध्ये ही हकीकत छापून आली आणि अनेक कंपन्यांनी किल्ल्या बदलल्या.

तरीही मूळ भोक तसंच होतं. डीकेआयएमची सही कोणत्याही डोमेनची असू शकते. ठग स्वतःच्या डोमेनची सही लावून From मध्ये दुसऱ्याचं नाव लिहू शकतो. शिवाय एखाद्या ईमेलला सहीच नसेल तर घेणाऱ्याने काय समजायचं? पेपॅलच्या नावाने तेव्हा खोट्या ईमेलचा सुकाळ होता. २००७ च्या सुमारास पेपॅलने याहूशी आणि नंतर गूगलशी खासगी करार केला, की आमची सही नसलेला, आमच्या नावाचा ईमेल फेकून द्या. हा करार सगळ्यांसाठी खुला करण्याच्या प्रयत्नातून जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क जाहीर झालं.

डीमार्कची खरी भर एकच आहे, जुळणी. एसपीएफ किंवा डीकेआयएम नुसतं पास होणं पुरत नाही. ज्या डोमेनच्या नावाने ते पास झालं, ते वाचणाऱ्याला दिसणाऱ्या From मधल्या डोमेनशी जुळलं पाहिजे. दोन्हीपैकी एक जुळलं तरी चालतं. एकही जुळलं नाही तर काय करायचं, हे डोमेनचा मालक लिहून ठेवतो. `none` म्हणजे फक्त कळवा, `quarantine` म्हणजे संशयितांत टाका, `reject` म्हणजे दारातूनच परत पाठवा.

मी भाच्याला म्हणालो, मग आजच `reject` लिही. तो म्हणाला, "मामू, तसं केलं तर तुमचाच अंक परत येईल." त्याने आधी एवढंच लिहिलं:

```
_dmarc.example.org. TXT "v=DMARC1; p=none; rua=mailto:reports@example.org"
```

`rua` पुढच्या पत्त्यावर मोठ्या ईमेल कंपन्या रोजचे अहवाल पाठवू लागल्या. आमच्या नावाने कुठल्या संगणकावरून किती ईमेल आले आणि जुळणी झाली का, हे त्यात असतं. महिनाभराने चित्र स्पष्ट झालं. कार्यालयाचे ईमेल जुळत होते. ठगाचे जुळत नव्हते. पण वर्गणीदारांना अंक पाठवण्यासाठी आम्ही जी सेवा वापरतो, तिचेही जुळत नव्हते, कारण पाकिटावरही तिचंच डोमेन आणि सहीही तिचीच. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये आमच्या डोमेनची सही लावण्याची सोय होती. तिने दिलेली नोंद डीएनएसमध्ये टाकली, कार्यालयाच्या ईमेललाही सही सुरू केली. दोन अंक सुरळीत गेल्यावर `quarantine` आणि आणखी एका अंकानंतर `reject`.

ही सबुरी का लागते, हे याहूच्या अनुभवातून दिसतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या सर्वसामान्य खात्यांसाठी अचानक `reject` लावलं आणि एओएलने त्याच महिन्यात तोच मार्ग धरला. चर्चेच्या ईमेल याद्यांवर त्याची कुऱ्हाड पडली. अशी यादी सदस्याचा ईमेल सगळ्यांना पाठवताना विषयात यादीचं नाव आणि शेवटी दोन ओळी जोडते. त्यामुळे सही मोडते आणि पाकीट यादीचं असल्याने एसपीएफही जुळत नाही. याहूवाल्या सदस्याने लिहिलेला ईमेल इतरांच्या दारातून परत येऊ लागला. ईमेल परत येतात म्हणून यादीच्या यंत्रणेने त्या निर्दोष इतरांनाच सदस्यत्वातून काढलं. शेवटी याद्यांनी From मध्ये स्वतःचा पत्ता लिहायला सुरुवात केली. तो तोडगा आजही चालू आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज पाच हजारांहून अधिक ईमेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही बंधनकारक केलं, याहूनेही मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना तसाच नियम लावला. पण तिथे `none` लिहिलेलंही चालतं. म्हणजे डीमार्क आहे एवढ्यावर खोटे ईमेल थांबले असं समजता येत नाही. आपल्या संस्थेच्या ओळीत `p=` पुढे काय आहे, ते एकदा पाहावं.

`reject` लावल्यानंतरही कुणी आमच्या नावात एक अक्षर बदलून नवं डोमेन घेतलं, तर त्याचा ईमेल रीतसर पास होईल. कुणी भलत्याच पत्त्यापुढे फक्त त्रैमासिकाचं नाव लिहिलं, तरी पास होईल. या नोंदी पत्ता खरा आहे का ते सांगतात, माणूस खरा आहे का ते नाही.

सोलापूरच्या सरांचे पैसे परत मिळाले नाहीत. पुढची दोन वर्षं अंक त्यांना विनामूल्य पाठवायचं आम्ही ठरवलं, त्यांनी ते मानलं नाही. परवा वर्गणीची मुदत संपल्याचा ईमेल आमच्याकडून गेला, सहीसकट, जुळणीसकट. तासाभरात त्यांचा फोन आला, "सर, हा तुमचाच ना?"