चतुष्पादाची चाल : मायब्रिज ते संगणकीय सांगाडा

एडवर्ड मायब्रिज यांच्या १८८७ मधील ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या छायाचित्रसंग्रहात घोड्याच्या संथ चालीचा क्रम टिपला गेला : डावा मागील पाय, डावा पुढील, उजवा मागील, उजवा पुढील. संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्येही हाच क्रम आधारभूत ठरतो. २४ फ्रेम्सच्या साध्या चक्रात दर ६ फ्रेम्सनंतर पुढचे पाऊल पडते. कर्णरेषेवरील दोन पाय एकदमच उचलले गेले, तर ती चाल न राहता दुडकी होते.

सांगाडा रचताना मात्र खरी फसगत मागील पायात होते. त्यातील मागे वळलेला सांधा म्हणजे गुडघा नव्हे, तो घोटा होय. गुडघा वर, पोटाच्या पातळीजवळ असून पुढे वळतो. त्यामुळे मांडी, नडगी आणि लांबट पाऊल अशी तीन भागांची साखळी आवश्यक ठरते. दोनच भाग जोडल्यास पाय माणसाचा भासतो.