फुलपाखरू व पतंग : छायाचित्रावरून ओळख

फुलपाखरू आणि पतंग हे दोन्ही खवलेपंखी गणातले कीटक. छायाचित्रावरून त्यांतला फरक ठरवताना शृंगिका, बसताना पंखांची ठेवण आणि अंगलट या तीन खुणा पाहतात. तिन्हींत शृंगिका, म्हणजे बोलीतल्या मिशा, सर्वांत भरवशाच्या. रंगावर जाऊ नये. दिवसा उडणारे झगमगीत पतंगही असतात.

फुलपाखराची शृंगिका बारीक काडीसारखी असून टोकाला फुगते. आगपेटीची काडी डोळ्यांपुढे आणावी. पतंगाची शृंगिका दोऱ्यासारखी टोकाकडे निमुळती होत जाते, नाहीतर पिसासारखी असते. बीड जिल्ह्यात तुतीवर रेशीमकिडे पाळतात. त्यांच्या कोषातून निघणाऱ्या पांढऱ्या पतंगाच्या डोक्यावर अशा दोन पिसासारख्या शृंगिका स्पष्ट दिसतात. त्याचे पोट जाड आणि अंग लोकरीसारखे केसाळ असते. फुलपाखराचे अंग सहसा सडपातळ असते.

बसताना फुलपाखरू बहुधा पंख पाठीवर उभे मिटते. पतंग ते घराच्या उतरत्या छपरासारखे अंगावर टाकतो किंवा आडवे पसरतो. मात्र सकाळचे ऊन घेणारे फुलपाखरूही पंख पसरूनच बसते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

माजलगावच्या उसाच्या फडाकडेला टिपलेल्या एखाद्या छायाचित्रात ही अडचण नेमकी दिसते. पात्यावर बसलेला तपकिरी कीटक ठेंगणा, जाड व केसाळ आहे. पुढचे पंख अर्धवट उभे, मागचे जवळजवळ आडवे. अंगलटीवरून तो पतंग वाटतो. पण शृंगिका मोठी करून पाहिली की टोक फुगलेले असून पुढे आकड्यासारखे वळलेले दिसते. हे स्किपर कुळातले फुलपाखरू. उलट कापसाच्या किंवा तुरीच्या शेतात सापडणाऱ्या हिरव्या बोंडअळीच्या पतंगाची शृंगिका दोऱ्यासारखी असते, पंखही छपरासारखे.

दिव्याजवळच्या भिंतीवर बसलेला प्रत्येक कीटक पतंग नसतो. ईव्हनिंग ब्राउन हे वाळक्या पानासारखे फुलपाखरू तिन्हीसांजेला उडते आणि उजेडाकडेही येते. त्याच्या शृंगिकेचा फुगवटा इतका हलका असतो की धूसर छायाचित्रात तो हरवतो. तेथे मिटलेले उभे पंख आणि सडपातळ अंग यांवरून ओळख पटते.

पतंग विसावताना शृंगिका बऱ्याचदा पंखांखाली दडवतो. तेव्हा वरून घेतलेल्या एकाच छायाचित्रात त्या दिसत नाहीत, पण दिसत नाहीत म्हणून त्या नसतात असेही नाही. शक्यतो एक छायाचित्र वरून, एक बाजूने घ्यावे आणि डोके स्पष्ट येईल असे पाहावे. शृंगिका दिसल्या तरी सावध राहावे, कारण झायगिनिडी कुळातल्या काही पतंगांच्या शृंगिकाही टोकाला जाडसर असतात. डोके दिसत नसेल आणि इतर दोन खुणा एकमेकींशी जुळत नसतील, तर त्या छायाचित्राखाली नुसते 'खवलेपंखी कीटक' एवढेच लिहावे.