स्टॅटिन आणि स्नायुदुखी

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन अशी स्टॅटिनची गोळी सुरू केल्यावर काहींना स्नायूंची दुखी होते. ती गोळीमुळेही होते. पण त्याच सुमारास दुसऱ्या कारणाने सुरू झालेली दुखीही बहुधा गोळीच्या नावावर जाते. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात १९ चाचण्यांमधील स्टॅटिन घेणाऱ्यांची तुलना औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांशी केली होती. पहिल्या वर्षातील स्नायुदुखीच्या साधारण १५ तक्रारींपैकी एकच स्टॅटिनमुळे होती.

स्टॅटिनची दुखी सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते. मांड्या, कंबरेखालचा भाग, पोटऱ्या किंवा खांदे जड होऊन ठणकतात. ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते, गोळी थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत ओसरते आणि पुन्हा दिल्यावर परतते. एकाच पायात उतरणारी कळ बहुधा कण्याकडे बोट दाखवते. ताप येऊन मनगटे, बोटे व घोटे आखडले, तर दुखी सांध्यांची असते. २००६ च्या साथीपासून चेन्नईतील डॉक्टर अशा वेळी चिकुनगुनियाचाही विचार करतात.

सर्वांत फसवे कारण थायरॉइडचे. ही ग्रंथी मंदावली की कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात. चेन्नई, मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणी झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ही मंदता आढळली होती.

उदाहरणादाखल, चेन्नईतील साठीची एक स्त्री घेऊ. अटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला जिना चढताना दोन्ही मांड्या भरून येतात. वर्णन स्टॅटिनचेच वाटते. स्नायूंची झीज दाखवणारे सीके हे विकर रक्तात कमाल मर्यादेच्या अडीचपट आहे. पण थकवा, बद्धकोष्ठता आणि कोरडी त्वचा वर्षभरापासून आहे. म्हणून थायरॉइड तपासल्यावर टीएसएच ३८ येते, जिथे ते साधारण साडेचारपर्यंत हवे. डॉक्टर स्टॅटिन थांबवून थायरॉक्सिन देतात. काही महिन्यांत दुखी जाते, सीके उतरते आणि कोलेस्टेरॉलही बरेच खाली येते. मग हृदयविकाराचा धोका पाहून स्टॅटिन लागेल का हे ठरते. लागलेच तर ते कमी मात्रेत सुरू करून दुखी परतते का हे पाहतात.

थायरॉइड ठीक असूनही दुखी राहिली, तर सोबतची औषधे तपासतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अटोर्वास्टॅटिन व सिमवास्टॅटिन यांचे रक्तातील प्रमाण वाढवते. सीके कमाल मर्यादेच्या दहापटीवर गेले, तर गोळी तत्काळ थांबवतात. स्नायू वितळून मूत्रपिंडाला इजा होण्याचा प्रकार विरळा आहे. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा उठून उभे राहण्याइतकेही बळ उरले नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. एरवी गोळी स्वतःहून सोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर नक्कीच.