ठोका दोन तऱ्हांनी चुकतो

अब्बा आणि शेजारचे काका, दोघांच्या ईसीजी अहवालावर एकच शेरा होता : सेकंड डिग्री हार्ट ब्लॉक. काकांना पेसमेकर बसवला. अब्बांची मात्र नाडी मंदावणारी रक्तदाबाची एक गोळी तेवढी बंद केली. एकाच आजाराला दोन न्याय कसे, अशी कुजबुज घरात सुरू झाली. उत्तर मला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इतिहासात सापडलं.

१८९९ साली डच डॉक्टर कारेल वेंकेबाख यांच्याजवळ ईसीजी नव्हता. नाडीची कागदावर उमटणारी रेषा मोजून त्यांनी चुकणाऱ्या ठोक्यांमागचा नियम शोधला. आज तो ईसीजीवर सरळ दिसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली विजेची लहर खालच्या कप्प्यांपर्यंत यायला लागणारा वेळ म्हणजे पीआर अंतर. समजा, वरचे कप्पे दर ८०० मिलिसेकंदांनी चालतात आणि पीआर १८०, २६०, ३००, ३२० असं वाढत जातं. पाचवी लहर खाली पोचतच नाही. वाढ दर वेळी कमी होत असल्यानं नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर उलट घटत जातं : ८८०, ८४०, ८२०. मग १४६० चा खंड पडतो आणि पीआर पुन्हा १८० वर येतं.

१९०६ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन हे यांना वेगळाच रुग्ण भेटला. मानेतल्या शिरेची आणि मनगटाची नाडी एकत्र नोंदवल्यावर दिसलं की लहरीचा वेळ वाढत नव्हता; ठोका अचानक गळत होता. आपल्या आकड्यांत सांगायचं तर पीआर १८०, १८०, १८० आणि एकदम १६०० चा खंड. १९२४ साली वोल्डेमार मोबिट्झ यांनी ईसीजीच्या आधारे हे दोन प्रकार वेगळे मांडले.

फरक जागेचा आहे. पहिल्या प्रकारात अडथळा बहुधा एव्ही नोडमध्ये असतो. हा नोड हळूहळू थकतो. झोपेत, कसलेल्या खेळाडूंत किंवा औषधांमुळेही असं होतं. चक्कर, बेशुद्धी असा त्रास नसेल तर सहसा पेसमेकर लागत नाही. दुसऱ्या प्रकारात त्याखालच्या तारा बिघडलेल्या असतात. त्या एक तर लहर पूर्ण नेतात, नाहीतर मुळीच नेत नाहीत. पूर्ण ब्लॉक कधी होईल याचा नेम नसतो, आणि झाल्यावर खालचे कप्पे स्वतःहून फार संथ, बेभरवशाचे चालतात. म्हणून दूर करता येणारं कारण नसेल तर त्रास नसतानाही पेसमेकर सुचवतात.

एक अडचण उरते. एकाआड एक ठोका गळत असेल तर सलग दोन पीआर मिळतच नाहीत आणि प्रकार ठरवता येत नाही. अशा वेळी लांब पट्टी काढतात किंवा रुग्णाला चालवून पाहतात. चालताना नोडचा अडथळा बहुधा सुधारतो, खालचा बिघडतो.

मी अब्बांची पट्टी काढून मोजली. पीआर वाढत वाढत जात होतं. काकांच्या पट्टीत ते जागचं हललं नव्हतं. शेरा एकच होता, पण आजार दोन होते.