४०० मीटरचे ८ इंटरव्हल: एकूण किती अंतर, किती वेळ?

समजा, तुम्ही ५ किलोमीटर २५ मिनिटांत धावता. त्याच वेगाने ट्रॅकची ४०० मीटरची एक फेरी २ मिनिटांत होते. अशा ८ फेऱ्या म्हणजे ३.२ किलोमीटर आणि १६ मिनिटं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये २०० मीटर हळू जॉगिंग करायचं. त्याला साधारण दीड मिनिट लागतं. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. फेऱ्या ८ असल्या, तरी मधल्या जागा ७ च असतात. म्हणजे जॉगिंगचं अंतर १.४ किलोमीटर आणि वेळ साडेदहा मिनिटं. मुख्य भाग झाला ४.६ किलोमीटर आणि साडेसव्वीस मिनिटांचा.

आता सुरुवातीला वॉर्म-अपसाठी २ किलोमीटर आणि शेवटी कूल-डाउनसाठी १ किलोमीटर जोडा. हे तीन किलोमीटर प्रत्येकी ७ मिनिटांच्या संथ वेगाने धावलात, तर २१ मिनिटं वाढतात. एकूण ७.६ किलोमीटर, साडेसत्तेचाळीस मिनिटं.

ट्रॅकवर एक गोष्ट लक्षात ठेवा. ४०० मीटर हे अंतर सर्वात आतल्या लेनचं असतं. दुसऱ्या लेनमध्ये प्रत्येक फेरीला सुमारे ७ मीटर, म्हणजे जवळपास २ सेकंद जास्त लागतात.

वेग बरोबर आहे का, हे शेवटच्या फेरीवरून कळतं. पहिली १ मिनिट ५० सेकंदांत आणि आठवी २ मिनिटं १० सेकंदांत झाली, तर सुरुवात घाईची होती. पुढच्या वेळी पहिल्या दोन फेऱ्या मुद्दाम २ मिनिटांच्या आत संपवू नका.