सावलीच्या मधोमध उजेड

न्यूटनने प्रकाशाला सूक्ष्म कणांचा झोत मानले आणि त्याच्या नावाचा दबदबा असा, की हायगेन्सची तरंगकल्पना शतकभर अडगळीत पडली. १८१८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत फ्रेनेल या रस्तेबांधणीच्या अभियंत्याने तरंगांचे गणित मांडले. परीक्षकांतील प्वासाँ कणवादी होता. त्याने तेच गणित पुढे नेले: वाटोळ्या चकतीच्या काठाचा प्रत्येक बिंदू सावलीच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणजे तेथे सारे तरंग एकाच तालात पोहोचून लखलखीत ठिपका उमटायला हवा. हा निष्कर्ष त्याला हास्यास्पद वाटला. दुसरा परीक्षक आरागो याने मात्र सुमारे २ मिलिमीटरची चकती घेऊन प्रयोग केला, आणि ठिपका दिसला! गंमत अशी, की तो आजही प्वासाँच्याच नावाने ओळखला जातो. पुढे वेगळेच कोडे उभे राहिले. जस्तावर पडलेला मंद अतिनील प्रकाश इलेक्ट्रॉन उडवतो, प्रखर तांबडा मात्र नाही. हे तरंगांच्या गणिताने उलगडेना. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाची ऊर्जा पुंजांत विभागली. त्यांनाच पुढे फोटॉन हे नाव मिळाले. हे पुंज न्यूटनचे कण नव्हेत: एकेक फोटॉन सोडला, तरी हळूहळू सावलीत तोच ठिपका साकारतो.